बर्फातले रेणू जास्त जवळ असतात, तरी बर्फ पाण्यापेक्षा हलका कसा?

प्रश्न : सर, मी नागपूरला बारावीला आहे. शिकवणीत सांगितलं की गोठताना हायड्रोजन बंध लांबतात, रेणू दूर जातात, म्हणून बर्फ हलका होतो. पण एका पुस्तकात वाचलं की बर्फात शेजारचे दोन रेणू पाण्यातल्यापेक्षा थोडे जवळच असतात. दोन्ही खरं कसं असेल? आणि ती जी षटकोनी पोकळी दाखवतात, तिच्यात हवा असते का?

उत्तर :

तू पुस्तकात वाचलेलं बरोबर आहे. शिकवणीतलं वाक्य चूक आहे, आणि ते इतक्या वर्षांपासून वहीतून वहीत उतरत आलंय की आता कोणी ते तपासतही नाही. पोकळीत हवा नसते. आता कारण सांगतो. थोडे आकडे येतील, पण सगळे एकाच छोट्या सूत्रातून काढू. ते सूत्र हाताशी असलं की पाठांतराची गरज उरत नाही.

सूत्र असं. पाण्याच्या एका रेणूच्या वाट्याला सरासरी किती घन अँगस्ट्रॉम जागा येते ते शोधायचं आणि २९.९ ला त्या आकड्याने भागायचं. येईल ती घनता, ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. हा २९.९ कुठून आला? पाण्याचा रेणुभार १८.०१५, आणि अणुभाराचं एकक व घन अँगस्ट्रॉम यांचं ग्रॅम व घन सेंटीमीटर करताना १.६६ ने गुणावं लागतं, त्याचा हा गुणाकार. द्रव पाण्याची घनता १ आहे, म्हणजे तिथे एका रेणूला २९.९ घन अँगस्ट्रॉम जागा मिळते. शून्य अंशावरच्या बर्फाची घनता ०.९१७ आहे, म्हणजे तिथे ३२.६. आपला सगळा प्रश्न या २.७ घन अँगस्ट्रॉमच्या फरकाचा आहे.

आधी उलट बाजूने विचार करू. रेणू फक्त गोळे असते आणि एकमेकांना चिकटून बसायचं एवढीच त्यांना हौस असती, तर काय झालं असतं? कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची रास रचतात तसे ते बसले असते. खालच्या थरातल्या तीन संत्र्यांच्या खळग्यात वरचं एक, आणि राशीच्या पोटातल्या प्रत्येक संत्र्याला चहूबाजूंनी बारा शेजारी. बर्फात शेजारच्या दोन ऑक्सिजनमधलं अंतर २.७६ अँगस्ट्रॉम असतं. याच अंतरावर बारा शेजाऱ्यांची रास रचली तर एका रेणूला अंतराच्या घनाच्या ०.७०७ पट जागा लागते, म्हणजे सुमारे १४.९ घन अँगस्ट्रॉम. आता सूत्र लाव. घनता २.० येते!

हा आकडा नीट लक्षात घे. इतकीच जवळीक ठेवून पाण्याचे रेणू दाटीने बसले असते, तर बर्फ आजच्या दुपटीहून जड झाला असता. म्हणजे खरा बर्फ आतून निम्म्याहून अधिक मोकळा आहे. आणि द्रव पाणीसुद्धा, ज्याला आपण घट्ट भरलेलं समजतो, ते या राशीच्या निम्मंच भरलेलं आहे. त्यामुळे ‘बर्फ मोकळा आणि पाणी दाट’ असं म्हणताना जरा जपून. दोन्ही मोकळेच, फक्त बर्फ थोडा जास्त.

संत्र्याला कुठली बाजू कुणाला टेकते याचं देणंघेणं नसतं. पाण्याच्या रेणूला असतं. ऑक्सिजनला दोन हायड्रोजन लागलेले आणि दोन इलेक्ट्रॉन जोड्या मोकळ्या, अशा त्याच्या चार दिशा आहेत. दोन हायड्रोजन दोन शेजाऱ्यांकडे रोखलेले, आणि दोन मोकळ्या जोड्यांकडे दुसऱ्या दोन शेजाऱ्यांचे हायड्रोजन आलेले. हायड्रोजन बंध जितका सरळ रेषेत तितका मजबूत, म्हणजे ऑक्सिजन, हायड्रोजन आणि पलीकडचा ऑक्सिजन हे तिघं एका ओळीत हवेत. हे चारही बंध सरळ ठेवायचे तर शेजारी चतुष्फलकाच्या चार टोकांवरच बसतात, एकमेकांशी सुमारे १०९.५ अंशांचा कोन करून. पाचव्या शेजाऱ्याला धरायला हातच शिल्लक नाही. बाराऐवजी चार शेजारी, हे बर्फाच्या मोकळेपणाचं मूळ आहे.

ही चार-चारची जोडणी सगळीकडे पसरवत नेली की साहजिकच सहा रेणूंची कडी तयार होते. कडी सपाट नसते, वरखाली दुमडलेली असते. तुझ्या सेंद्रिय रसायनात सायक्लोहेक्झेनची खुर्ची आहे ना, तसाच आकार. अशा कड्यांचा एक थर, त्यावर आरशातल्या प्रतिमेसारखा दुसरा, मग पुन्हा पहिल्यासारखा. थर एकावर एक बसल्यामुळे षटकोनी कड्या वरून खाली एका रेषेत येतात आणि आरपार बोगदे दिसतात. पुस्तकात जे चित्र असतं ते या बोगद्यातून सरळ खाली पाहिल्यावर दिसणारं.

आता या रचनेवरून घनता खरंच ०.९२ च्या आसपास येते का ते काढून पाहू. क्ष-किरणांनी बर्फाचा स्फटिक मोजला की त्याचा युनिट सेल मिळतो. त्याचा तळ समभुज चौकोन, बाजू ४.५२ अँगस्ट्रॉम आणि कोन १२० अंश. उंची ७.३६ अँगस्ट्रॉम. हे आकडे गोठणबिंदूच्या वीसेक अंश खालचे आहेत. तळाचं क्षेत्रफळ ४.५२ गुणिले ४.५२ गुणिले ०.८६६, म्हणजे १७.७. त्याला ७.३६ ने गुणलं की १३०.२ घन अँगस्ट्रॉम. एका सेलमध्ये चार रेणू असतात, म्हणून प्रत्येकाला ३२.५५. आणि २९.९ भागिले ३२.५५ म्हणजे ०.९१९. त्या तापमानाला बर्फ प्रत्यक्ष तोलून जी घनता मिळते तीही ०.९१९ च. एका बाजूला क्ष-किरणांचं यंत्र, दुसऱ्या बाजूला तराजू, आणि तिसऱ्या आकड्यापर्यंत जुळणी. वर्गात मी हे गणित फळ्यावर शेवटपर्यंत करून दाखवायचो, कारण त्यानंतर षटकोनी चित्र कुणाला नुसतं चित्र वाटत नसे.

एक बारीक गोष्ट इथेच सांगून टाकतो. घनता कमी होण्याचं कारण ‘षटकोन’ आहे असं बरेच जण लिहितात. खरं कारण चार शेजारी हे आहे. बर्फाचा आणखी एक प्रकार असतो, घनीय बर्फ. त्यात हेच दुमडलेले थर असतात, फक्त एकावर एक रचण्याचा क्रम वेगळा, हिऱ्यातल्या कार्बनसारखा. त्यात ते सरळ आरपार षटकोनी बोगदे राहत नाहीत, तरी घनता जवळजवळ तीच. कारण तिथेही प्रत्येकाला शेजारी चारच, आणि त्याच अंतरावर.

हवेचं काय? बोगदा दिसतो म्हणून त्यात हवा भरलेली असेल असं वाटणं स्वाभाविक आहे. पण त्या पोकळीचा आकार जेमतेम एका पाण्याच्या रेणूएवढा आहे. नायट्रोजन किंवा ऑक्सिजन तिथे बसत नाहीत. हायड्रोजन आणि हेलियमसारखे अगदी लहान वायू काय ते थोडेफार शिरू शकतात. उलट बर्फ बनताना हवा बाहेर ढकलली जाते. गोठण्याची कड पुढे सरकते तशी पाण्यात विरघळलेली हवा आणि क्षार तिच्यापुढे साठत जातात, आणि मधला शेवटचा भाग गोठतो तेव्हा तिथे बुडबुडे अडकतात. बर्फाच्या लादीच्या मधोमध जो पांढरा पट्टा दिसतो तो हाच. कारखान्यात मिठाच्या थंड पाण्यात डबे बुडवून लाद्या करतात, तेव्हा डब्यातल्या पाण्यात नळीने हवा सोडून ते ढवळत ठेवतात. ऐकायला उलटं वाटतं, पण त्यामुळे गोठण्याच्या कडेला बुडबुडे चिकटून राहत नाहीत. आणि काचेसारखी लादी हवी असेल तर मधलं शेवटचं खारट पाणी ओढून काढून त्या जागी ताजं पाणी भरतात. म्हणजे बुडबुडा ही डोळ्यांना दिसणारी हवा, आणि रेणूंमधली पोकळी ही निव्वळ रिकामी जागा. बुडबुड्यांनी बर्फ आणखी हलका होतो हे खरं, पण एकही बुडबुडा नसलेला बर्फही तरंगतोच.

आता मूळ प्रश्न, बर्फ वितळल्यावर होतं काय?

सगळ्यात पहिला गैरसमज असा की वितळताना हायड्रोजन बंध तुटून पडतात आणि रेणू सुटे होतात. तसं असतं तर वितळवायला फार मोठी ऊर्जा लागली असती. बर्फाची थेट वाफ करायला, म्हणजे सगळेच्या सगळे बंध सोडवायला, एका मोलला सुमारे ५१ किलोज्यूल लागतात. वितळवायला फक्त ६. आठ-नऊपैकी एक भाग. यावरून एवढं नक्की कळतं की वितळलेल्या पाण्यात बहुतेक बंध शाबूत आहेत. मात्र त्यांतले बरेचसे वाकलेले, ताणलेले आहेत आणि क्षणाक्षणाला जोडीदार बदलताहेत.

ताणलेले हा शब्द महत्त्वाचा. द्रव पाण्यात शेजारच्या दोन ऑक्सिजनमधलं अंतर २.८ अँगस्ट्रॉमच्या थोडं वर भरतं, बर्फात २.७६. म्हणजे बंध लांबतो तो वितळताना, गोठताना नाही. शिकवणीतल्या वाक्यात गोष्ट नेमकी उलटी झालीय.

मग पाणी जड का? हे समजायला एक खोटं पाणी तयार करू. समज, वितळताना दुसरं काहीच झालं नाही, चार शेजाऱ्यांचा सांगाडा जसाच्या तसा राहिला आणि फक्त बंध २.८२ पर्यंत ताणले गेले. चतुष्फलकी सांगाड्यात एका रेणूला अंतराच्या घनाच्या १.५४ पट जागा लागते. (बर्फावर ताडून पाहा : २.७६ चा घन सुमारे २१, गुणिले १.५४ म्हणजे ३२.४. जवळपास तोच आकडा.) २.८२ चा घन २२.४, गुणिले १.५४ म्हणजे ३४.५. घनता ०.८७. म्हणजे या खोट्या पाण्यात बर्फ दगडासारखा बुडाला असता. तू २.८२ ऐवजी २.८० घेतलंस तर ०.८८ येईल, निष्कर्ष तोच. बंधांच्या लांबीवर सोडलं असतं तर पाणी बर्फापेक्षा हलकं व्हायला हवं होतं.

खऱ्या पाण्यात एका रेणूला ३४.५ नव्हे तर २९.९ मिळतात. ही साडेचार घन अँगस्ट्रॉम जागा कुणीतरी बाहेरून येऊन व्यापलेली आहे. तो कोण, हे शोधायला पहिल्या शेजाऱ्यांना सोडून दुसऱ्या फळीकडे पाहावं लागतं, म्हणजे शेजाऱ्यांच्या शेजाऱ्यांकडे.

बर्फात दुसऱ्या फळीत बारा रेणू असतात आणि ते सगळे ४.५ अँगस्ट्रॉमवर. २.७६ आणि ४.५ यांच्या दरम्यान कोणीही नाही. हा पट्टा संपूर्ण रिकामा. बर्फाचा मोकळेपणा आकड्यांत पाहायचा असेल तर तो इथे आहे. सरळ बंध आणि १०९.५ अंशांचा कोन या दोन अटींमुळे शेजाऱ्याचा शेजारी त्याहून जवळ येऊच शकत नाही. वितळलं की कोनाची शिस्त ढिली होते. बंध वाकतात, कोन कुठे ९० अंशांपर्यंत उतरतो, कुठे १२० पर्यंत चढतो. दुसऱ्या फळीतले काही रेणू आत झुकतात आणि ३.२ ते ३.५ अँगस्ट्रॉमच्या आसपास, जिथे बर्फात शुकशुकाट असतो, तिथे येऊन बसतात. त्यांचा आपल्या रेणूशी थेट बंध असेलच असं नाही. ते फक्त रिकाम्या जागेत शिरलेले असतात. म्हणून द्रवात जवळचे शेजारी मोजले की चार न येता साडेचारच्या आसपास किंवा थोडे जास्त येतात. नक्की किती, हे ‘जवळचा’ म्हणून किती अंतरापर्यंतचा रेणू मोजायचा यावर ठरतं, त्यामुळे दोन पुस्तकांत दोन आकडे दिसले तर गोंधळू नकोस.

तर दोन परिणाम एकमेकांविरुद्ध ओढताहेत. बंध ताणले गेल्यामुळे जागा वाढते, सांगाडा वाकून कोसळल्यामुळे जागा घटते, आणि दुसरा परिणाम पहिल्यावर मात करतो. उत्तरपत्रिकेत एवढंच लिही : ‘बर्फात प्रत्येक रेणूला चतुष्फलकाच्या टोकांवर फक्त चार शेजारी असतात, त्यामुळे मोकळी षटकोनी रचना होते, वितळताना ही रचना अंशतः कोसळून रेणू पोकळ्यांत शिरतात, म्हणून पाण्याची घनता वाढते.’ बंधाच्या लांबीचा उल्लेखच करू नकोस, तपासनिसाने जुनी वही वाचलेली असू शकते.

टक्केवारीबद्दल नेहमी विचारतात. कुठे ८ टक्के लिहिलेलं असतं, कुठे ९. दोन्ही बरोबर आहेत. पाण्याचा बर्फ होताना आकारमान ९ टक्क्यांनी वाढतं, बर्फाचं पाणी होताना ८.३ टक्क्यांनी घटतं. भागायचा आकडा बदलला, एवढंच.

हायड्रोजन बंध आहेत म्हणून घन अवस्था हलकी, असा सरसकट नियम मात्र करू नकोस. बर्फाच्या अनेक कारखान्यांत थंडावा देणारा वायू अमोनिया असतो. त्याच्यातही हायड्रोजन बंध आहेत. पण अमोनियाच्या रेणूकडे द्यायला तीन हायड्रोजन आणि घ्यायला एकच मोकळी जोडी. दोन द्या, दोन घ्या हा तोल तिथे नाही, म्हणून चतुष्फलकी जाळंही नाही. घन अमोनिया द्रव अमोनियात बुडतो. पाण्याचा सख्खा चुलतभाऊ हायड्रोजन सल्फाइड घे. ऑक्सिजनच्या जागी गंधक, हायड्रोजन बंध फारच दुबळे. त्याच्या स्फटिकात प्रत्येक रेणूला बारा शेजारी असतात, थेट त्या बाजारातल्या राशीसारखे. दिशेचा आग्रह संपला की दाटी आपोआप होते.

आणि बंधाची लांबी हे कारण नव्हे याचा मला सगळ्यात आवडणारा पुरावा खुद्द बर्फाच्याच दुसऱ्या एका रूपात आहे. पाण्यावर साधारण वीस हजार वातावरणांच्या वर दाब दिला तर ते खोलीच्या तापमानालाही गोठतं. तो आपला नेहमीचा बर्फ नसतो. त्याला बर्फ-७ म्हणतात. २०१८ मध्ये खोल पृथ्वीतून आलेल्या हिऱ्यांच्या पोटात त्याचे कण अडकलेले सापडले. पंचवीस हजार वातावरणांच्या दाबाखाली त्यातलं बंधातल्या दोन ऑक्सिजनमधलं अंतर मोजलं तर सुमारे २.९ अँगस्ट्रॉम भरतं. इतका दाब असूनही साध्या बर्फापेक्षा जास्त! आता आपलं गणित. २.९ चा घन २४.४, गुणिले १.५४ म्हणजे ३७.६, घनता ०.८. पण प्रत्यक्षात बर्फ-७ ची घनता १.६ आहे, बरोबर दुप्पट. कारण त्यात चार शेजाऱ्यांचे दोन स्वतंत्र सांगाडे एकमेकांत गुंफलेले असतात. एकाच्या पोकळीत दुसऱ्याचे रेणू. दोन्ही सांगाड्यांमध्ये एकही हायड्रोजन बंध नाही. प्रत्येक रेणूला बांधलेले शेजारी चारच, पण तेवढ्याच अंतरावर न बांधलेले आणखी चार. बंध लांब आणि बर्फ जड, दोन्ही एकाच वेळी. साध्या बर्फातली पोकळी एका पाण्याच्या रेणूएवढी आहे असं मी वर म्हटलं, त्याचा अर्थ इथे पुरता उघड होतो.

तुझ्या चित्रात ऑक्सिजन ओळीत आहेत तसे हायड्रोजनही नीट रांगेत काढलेले असतील. ते तसे नसतात. १९३३ मध्ये बर्नाल आणि फाउलर यांनी अट सांगितली की प्रत्येक ऑक्सिजनजवळ दोन हायड्रोजन आणि प्रत्येक बंधावर एकच. १९३५ मध्ये पॉलिंग यांनी दाखवलं की ही अट पाळूनही हायड्रोजन असंख्य तऱ्हांनी बसू शकतात, आणि साध्या बर्फात ते तसे अस्ताव्यस्तच असतात. घनतेच्या प्रश्नात याने फरक पडत नाही, म्हणून इथेच सोडतो.

चार अंशांचा मुद्दा तू विचारला नाहीस, पण त्याच धड्यात आहे म्हणून सांगतो. बर्फ वितळल्यावर सांगाडा एकदम पूर्ण कोसळत नाही. शून्यावरच्या पाण्यात चतुष्फलकी मांडणीचे पुष्कळ अवशेष असतात. तापमान वाढवलं की ते आणखी कोसळत जातात, घनता वाढते. त्याच वेळी उष्णतेने रेणू एकमेकांपासून लांब सरकतात, घनता घटते. ३.९८ अंशांवर दोघांची बरोबरी होते आणि पुढे दुसरा परिणाम वरचढ ठरतो. पण याचं प्रमाण बघ. शून्यापासून चार अंशांपर्यंत घनता ०.९९९८४ वरून ०.९९९९७ होते, म्हणजे शेकडा एकाचा शंभरावा भाग. बर्फ वितळतानाची उडी आठ टक्क्यांची. दोन्हींचं मूळ एक, पण ‘पाणी चार अंशांवर जड असतं म्हणून बर्फ तरंगतो’ हे वाक्य चूक आहे. पाण्याला ते चार अंशांचं टोक नसतं तरी बर्फ तरंगलाच असता. सरोवर वरून का गोठतं, यासाठी मात्र ते टोक लागतं. आपल्या अंबाझरीवर किंवा फुटाळ्यावर त्याचा पडताळा मिळणार नाही, कितीही गारठा पडला तरी.

पडताळा घरी घ्यायचा असेल तर ०.९१७ हा आकडा तराजूशिवाय मोजता येतो. शंभर मिलिलिटरचं मोजपात्र घे. पाणी आधी उकळून त्यातली हवा घालव, झाकून गार कर आणि मोजपात्रात सहज मावेल अशा अरुंद प्लास्टिकच्या नळीत गोठव. मोजपात्रात बर्फासारखं गार पाणी ५० पर्यंत भर, त्यात बर्फाची कांडी सोड. ती मोकळी तरंगतेय, काचेला चिकटलेली नाही याची खात्री करून पातळी वाच. समज ७२ आली. मग बारीक तारेने कांडी पूर्ण पाण्याखाली दाब आणि लगेच वाच. समज ७४. तरंगताना बर्फ आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतो, म्हणून २२ हे त्याचं वजन ग्रॅममध्ये. दाबल्यावर तो आपल्या पूर्ण आकारमानाइतकं सारतो, म्हणून २४ हे आकारमान. २२ भागिले २४ म्हणजे ०.९१७.

दुसरं वाचन झटपट हवं, कारण नागपूरच्या मे महिन्यात कांडी डोळ्यांदेखत वितळते. वितळत गेली की तरंगतानाची पातळी बदलत नाही, दाबलेली मात्र खाली येते आणि तुझं उत्तर खोटंच १ कडे सरकतं. एखाद्या वाचनात अर्धा मिलिलिटर चुकलास तर उत्तर दोन टक्क्यांनी हलेल, आठ टक्क्यांचा फरक तरीही स्पष्ट दिसेल. उत्तर ०.९० किंवा त्याहून कमी आलं तर गणित पुन्हा करण्याआधी दुसरी कांडी उजेडासमोर धरून पाहा. मधोमध पांढरट रेघ असेल तर तू बर्फाबरोबर बुडबुडेही मोजलेस.